पायाला वजन लावलेल्या मुलासाठी झोपल्या झोपल्या खेळायचे खेळ कसे रचायचे?

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलंय. सरकारी दवाखान्यात पायाला वजन लावून ठेवलंय, उताणंच झोपायचं, कुशीवर वळायचं नाही. डॉक्टर म्हणतात दोन-तीन आठवडे असंच, मग कमरेपर्यंत प्लास्टर. एका हातात सलाईनची सुई आहे. वॉर्डात खेळणी आणू देत नाहीत, मोबाईल पाहून त्याचं डोकं दुखतं. गोष्टी आणि भेंड्या दोन दिवसांत संपल्या. हातात काहीही न घेता, झोपूनच खेळता येतील असे खेळ मी स्वतः कसे तयार करू?

उत्तर: खेळांची यादी दिली तर तीही चार दिवसांत संपेल, म्हणून यादी देत नाही. माझी सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं हाडांच्या पेशंटमध्ये. तिथे खेळ रचायची जी रीत हाताला बसली, ती तुमच्या मुलाच्या कॉटवर लावून दाखवते.

आधी एक काम करा. तो पडलेला असताना त्याच्या उशीशेजारी स्वतःचं डोकं टेकवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. वजन लावलेल्या कॉटची पायाकडची बाजू बहुतेक ठिकाणी ठोकळ्यांवर नाहीतर विटांवर उचललेली असते. वजन पायाला खाली ओढतं, तेव्हा अंगाचा भार उलट बाजूला राहावा म्हणून तसं करतात. म्हणजे तुमचा मुलगा डोक्याकडे थोडा उतरता झोपलाय. स्टुलावर बसून तुम्हाला जो वॉर्ड दिसतो, तो त्याला दिसतच नाही. त्याला छत दिसतं, पंखा, ट्यूबलाईट, सलाईनचा स्टँड, खिडकीचा वरचा भाग, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ, आणि पट्ट्यातून बाहेर आलेली स्वतःच्या पायाची बोटं. मान वळवली तर शेजारच्या कॉटवरचं मूल दिसतं. जमिनीवरचं काही दिसत नाही. आयांचे निम्मे खेळ पहिल्याच दिवशी इथे फसतात, कारण त्या ज्या वस्तूबद्दल विचारतात ती मुलाच्या नजरेत नसतेच.

मग त्याच्या अंगाचा हिशोब. मान, डोळे, भुवया, आवाज आणि मोकळ्या हाताची बोटं खेळात घेता येतात. सुईचा हात फळीला बांधलेला असेल तर तो खेळाबाहेर. चांगला पाय हलवायला हरकत नसते, पण तो टेकून पोरं अंग वर-खाली ढकलतात, ते नको. ज्या खेळात जिंकल्यावर उसळी मारावीशी वाटते तो पहिला आठवडाभर टाळा. हाड नुकतं मोडलेलं असताना खदखदून हसल्यानेही मांडीत कळ येते. आणि खेळ झाला की वजनाकडे एकदा बघायचं. ते मोकळं लोंबकळत असायला हवं. जमिनीला किंवा कॉटच्या दांडीला टेकलं असेल तर पायाची ओढच गेली. टेकलेलं दिसलं तर आपण हात लावायचा नाही, सिस्टरला हाक मारायची.

आता खेळ. त्याला आवडणारा कुठलाही मैदानी खेळ घ्या आणि स्वतःला विचारा, ह्यात गंमत नेमकी कशाची आहे? लपंडावात गंमत धावण्याची नाही. मी कुठे आहे ते मला ठाऊक आणि तुला नाही, ह्याची आहे. ते उताण्या झोपलेल्या मुलालाही करता येतं. त्याला सांगा, "तू आता मुंगीएवढा झालास. तुला दिसतंय अशा कुठल्याही जागी लप." तो मनात जागा धरतो, तुम्ही विचारता, तो फक्त हो किंवा नाही म्हणतो.

हा खेळ ह्या रूपात एक दुपार टिकतो, मग दोन ठिकाणी अडतो. एक तर तुम्ही सापडवायच्या बेतात आलात की सहा वर्षांचं पोर हळूच जागा बदलतं. त्याला खोटारडा म्हणू नका, ह्या वयात सगळीच करतात, पण खेळातली मजा त्याचीच जाते. दुसरं म्हणजे जागा अमर्याद असल्या की विचारणारा कंटाळतो. दोन्हींवर उपाय त्याच्या हातातच आहे. आपण पेरांवर मोजतो ना, तीच पेरं इथे घ्यायची.

अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येक बोटाला तीन पेरं, म्हणजे बारा घरं. बोटं म्हणजे चार दिशा ठरवा. समजा तर्जनी म्हणजे छत, मधलं बोट समोरची भिंत, अनामिका खिडकीची बाजू, करंगळी म्हणजे स्वतःची कॉट. प्रत्येक दिशेला तीन जागा: टोकाचं पेर सगळ्यात लांबची, मधलं त्याहून जवळची, तळाचं अगदी जवळची. छताच्या बोटावर टोकाला पलीकडचा पंखा, मधे ट्यूबलाईट, तळाशी आपल्या डोक्यावरचा पंखा. कॉटच्या बोटावर टोकाला वजनाची दोरी, मधे पायाचा अंगठा, तळाशी उशी. बाकी दोन बोटं त्याने ठरवावी. जागा ठरवण्यातच पहिला तास जातो, आणि तो तास खेळाचाच धरा. घाई करून सगळं तुम्हीच ठरवून टाकलंत तर खेळ तुमचा होईल.

मग तो मोकळा हात चादरीखाली घेतो आणि अंगठा एका पेरावर दाबून धरतो. तिथे तो लपला. अंगठा जागेवर असेपर्यंत लपायची जागा बदलत नाही, आणि शेवटी चादर बाजूला करून दाखवायची असते, त्यामुळे वाद राहत नाही.

विचारताना पहिले दोन डाव तुम्ही मुद्दाम भाबडेपणाने खेळा. "पंख्यावर आहेस? उशीत आहेस?" आठ-आठ प्रश्न जाऊ द्या. तिसऱ्या डावाला विचारा, "छताच्या किंवा भिंतीच्या बोटावर आहेस का?" हो म्हणाला तर बारातली सहाच घरं उरली. "छताच्या?" नाही म्हणाला, तर भिंतीची तीन. "टोकाला?" नाही. "मधे?" चार प्रश्नांत सापडला, आणि कुठेही लपला तरी चारांत सापडतो. तो चक्रावतो. कसं केलं ते सांगू नका. पुढच्या डावाला तो शोधणारा आणि तुम्ही लपणारी. दोन-तीन दिवसांत पोरं हे अर्धं-अर्धं करणं स्वतःच पकडतात, आणि ते पकडल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. नाहीच पकडलं तर शेजारच्या कॉटवरचं थोरलं मूल एव्हाना ऐकत असतंच, ते सांगून टाकतं.

आठवड्याने हाही जुना होईल. तेव्हा नवा खेळ शोधायचा नाही, ह्यातलाच एक नियम बदलायचा. आत्तापर्यंत लपणारा एका जागी होता. आता तो चोर झाला आणि चालू लागला. प्रत्येक प्रश्नानंतर अंगठा एक घर सरकतो, त्याच बोटावर वर-खाली किंवा शेजारच्या बोटावर आडवा. तुम्ही एका घराचं नाव घ्यायचं. चोर तिथेच असेल तर पकडला. त्या घराला लागून असेल तर तो "जवळ" म्हणतो, नाहीतर "लांब". मग तो सरकतो, तुम्ही पुन्हा बोलता. सहा हाका देऊन नाही सापडला तर चोर सुटला. हा डाव त्याला चांगलाच जड आहे. तुम्ही शोधत असाल तर सहज रमेल, पण त्याने शोधायचं म्हणजे चोर कुठे कुठे जाऊ शकतो हे डोक्यात धरावं लागतं. सुरुवातीला त्याच्या पाळीला तुमचा चोर एक आड एक वेळच सरकू दे. दोन पाळ्यांनंतर तो "आई, तू मुद्दाम हळू चालतेस" म्हणाला, तर पूर्ण वेगाने चाला.

ह्यातून माझी रीत तुमच्या लक्षात आली असेल. एका वेळी एकच नियम बदलायचा. दोन बदललेत तर मूल गोंधळतं आणि खेळच नको म्हणतं. बदल कुठला करायचा हे तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून त्यालाच विचारायचं. दिवसभर त्याच्या अंगाचं काय करायचं ते दुसरेच ठरवतात: कधी सुई, कधी पट्टा सैल करून त्वचा बघायची, कधी बेडपॅन. खेळाचा नियम ही एकच गोष्ट तिथे त्याच्या मालकीची असते. आजारी मुलाला मुद्दाम जिंकवत राहायची जी आपली सवय आहे, तिच्यापेक्षा नियम त्याच्या हाती देणं जास्त कामाला येतं. मुद्दाम हरलेलं त्यांना कळतं.

डोळ्यांना विश्रांती हवी असते तेव्हासाठी हातावरच्या अक्षरांचा खेळ. पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावतात, तो आपण सगळ्यांनी खेळलेला. तुमच्या मुलाची पाठ गादीला टेकलेली आहे, म्हणून तळहात घ्या. तळहाताची कातडी पाठीपेक्षा कितीतरी बारीक जाणते, त्यामुळे पाठीवर न कळणारं वळण इथे कळतं. तो डोळे मिटतो, तुम्ही बोटाने लिहिता.

इथे हमखास चुकतं ते अक्षराच्या दिशेत. तुम्ही त्याच्यासमोर बसून तुमच्या बाजूने सरळ लिहिलंत तर त्याच्या लेखी ते उलटं होतं, आणि पोर बिचारं तिसऱ्या अक्षराला हात ओढून घेतं. त्याच्या डोक्याच्या बाजूला स्टूल घ्या, म्हणजे तो जिकडे बघतोय तिकडेच तुमचंही तोंड राहील. अक्षर तळहातभर मोठं, एका दमात एकच, शिरोरेघ शेवटी. सुरुवात ग, ट, न, ल अशा वेगळ्या वळणांच्या अक्षरांनी करा. घ आणि ध, भ आणि म ह्या जोड्या पहिल्या दिवशी नकोत, हातावर त्या सारख्याच लागतात. मात्र तो सरावला की ह्याच जोड्यांचा खेळ करा: "घ की ध?" र आणि व जवळजवळ लिहिले की ख वाटतो, त्यावरून शेजारच्या कॉटांवर सुद्धा भांडणं झालेली मी पाहिली आहेत. पहिलीतल्या मुलाची शाळा बुडतेय म्हणून तुम्हाला ह्याचा अभ्यास करावासा वाटेल. करू नका. दुसऱ्याच दिवशी तो हात चादरीत घालील.

आता पायाच्या बोटांचा खेळ. हा मी प्रत्येक वजनवाल्या मुलाशी खेळत असे, आणि त्यामागे कारण होतं. पायाला जो पट्टा गुंडाळलेला असतो तो गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला दाबला गेला, तर तिथून हाडाला वळसा घालून जाणारी नस दबते. ती नस पाऊल आणि बोटं वर उचलते. दबली की अंगठा वर येत नाही. सहा वर्षांचं मूल हे आपणहून सांगत नाही, कारण दुखत नसतं. खेळात मात्र लगेच कळतं.

डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीवाल्यांना आधी विचारून घ्या की बोटं आणि घोटा हलवू द्यायचा ना. बहुतेक हो म्हणतात, त्यांना ते हवंच असतं. मग "शिवाजी म्हणतो" खेळा, पण फक्त पायाच्या बोटांशी. "शिवाजी म्हणतो, अंगठा नाकाकडे." "शिवाजी म्हणतो, सगळी बोटं खाली." "बोटं वर!" इथे शिवाजी म्हणाला नाही, म्हणून हलवायची नाहीत. आधी चांगल्या पायाने, मग वजनाच्या पायाने. मग पाळी बदलून तो हुकूम देतो आणि तुम्ही चप्पल काढून स्वतःची बोटं हलवायची. "शिवाजी म्हणतो, एकटी करंगळी वर." ती बहुतेकांची नीट वर येत नाही, तुमची फजिती त्याला फार आवडेल. दुसरा भाग डोळे मिटून: तुम्ही एका बोटाला हळूच स्पर्श करायचा, त्याने कुठलं ते सांगायचं. बोटांना नावं द्यायला लावा, घरातल्या माणसांचीच देतात. अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या मधल्या खाचेतही स्पर्श करा.

सकाळ-संध्याकाळ एकेक डाव पुरे. काल वर येणारा अंगठा आज येत नाही, स्पर्श कळत नाही, बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसतात, किंवा बोटं हलवली की पोटरीत किंवा मांडीत असह्य कळ येते आणि ती वाढतच चालली आहे, ह्यांतलं काहीही दिसलं तर राऊंडची वाट न बघता सिस्टरला सांगा. रात्री दोन वाजले असले तरी सांगा. पट्टा सैल करून पुन्हा बांधायला थोडा वेळ लागतो, पण दबलेली नस परत यायला महिने जाऊ शकतात.

वॉर्डातला खेळ कुणीही, केव्हाही थांबवू शकतं हे धरूनच तो रचायचा. राऊंड येतो, मावशी चादर बदलायला येतात, औषधाची वेळ होते. म्हणून डाव दोन-तीन मिनिटांचा असावा आणि मधेच सोडला तरी काही गमावू नये. शंभर गुणांची मोजणी असलेला खेळ मी कधीच ठेवला नाही. अठ्ठ्याण्णववर असताना इंजेक्शनवाली सिस्टर आली की ती सिस्टर मुलाची आयुष्यभराची शत्रू होते. हातावरच्या चोरासारखा डाव मात्र थांबवता येतो: "चोर झोपला" म्हणायचं, अंगठा ज्या पेरावर होता ते लक्षात ठेवायचं, सगळे गेले की चोर उठतो.

सुईच्या वेळचा खेळ वेगळा असतो, आणि तो सुई यायच्या आधी दोन दिवस शिकवून ठेवलेला असावा. मोकळ्या हाताची पाच बोटं म्हणजे पाच मेणबत्त्या. एकेक विझवायची, पण फू करून नाही. ओठ बारीक करून इतकी हळू फुंकर घालायची की बोट वाकायला पूर्ण श्वास लागला पाहिजे. बोट भरकन वाकलं तर ती मेणबत्ती पुन्हा पेटते. लांब सोडलेल्या श्वासाने अंग सैल पडतं आणि लक्ष बोटावर राहतं. सुई टोचताना मुलाचं लक्ष दुसरीकडे असलं की दुखणं आणि भीती दोन्ही कमी होतात, हे पुष्कळ तपासून पाहिलेलं आहे. पण मुलाला ठाऊक असलं पाहिजे की आता सुई आहे. "चल मेणबत्त्या विझवू" म्हणून फसवून टोचलं, तर सुईची भीती तशीच राहते आणि वर मेणबत्त्यांचीही बसते. "सिस्टर सुई देणार आहे, थोडं दुखेल, तिसऱ्या मेणबत्तीपर्यंत संपेल," असं सांगायचं. किती मेणबत्त्या लागतील ते सिस्टरलाच आधी विचारा, म्हणजे शब्द खरा ठरतो.

प्लास्टर चढवायच्या दिवशी त्याला बहुतेक उपाशी ठेवतील, भूल द्यायची असते. त्या सकाळी खाण्याचं नाव येईल असा कुठलाही खेळ नको. नाव-गाव-फळ-फूल खेळायचंच तर फळ काढून टाकून पक्षी घाला.

शेजारच्या कॉटांना खेळात घ्यावं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न येईलच. घ्या, फक्त आवाजाचा खेळ नको, कारण त्याच वॉर्डात कुणाचं तान्हं रात्रभर रडून आत्ता डोळा लागलेलं असतं. पेरांचा लपंडाव तीन कॉटांमध्ये छान चालतो: एक लपतो, बाकीचे दोघे आळीपाळीने एकेक प्रश्न विचारतात, उत्तर मानेने. ज्याला मान हलवता येत नाही किंवा तोंडावर वाफेचा मास्क आहे, त्याच्या हातात त्याच्या आईने हात द्यावा. एकदा दाबलं तर हो, दोनदा तर नाही, आई ते हळू आवाजात सांगते. डोळ्यांच्या उघडझापीवर हो-नाही ठरवायला जाऊ नका, पापण्या आपोआप लवतात आणि भांडण होतं. वस्तू एकीकडून दुसरीकडे जात नाही, हा ह्या खेळांचा मोठा फायदा. खेळणी हातोहात फिरली की त्यांच्याबरोबर खोकला-जुलाबही फिरतात, तुमच्या वॉर्डात खेळणी आणू देत नाहीत त्याचं एक कारण बहुधा हेच असावं. तळहातावरच्या अक्षरांसाठी मात्र दुसऱ्याच्या मुलाचा हात हातात घेणार असाल तर आधी आणि नंतर हात धुवा.

तुमच्याबद्दलही दोन शब्द. इंग्लंडात १९५९ साली प्लॅट समितीने शिफारस केली, की रुग्णालयातल्या मुलांना आईवडिलांनी कधीही भेटावं आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं. तोवर तिथे बऱ्याच वॉर्डांत भेटीची वेळ अगदी मोजकी असायची. आपल्या सरकारी वॉर्डात आई कॉटला चिकटूनच असते, त्यामुळे खेळायला माणूस आहे, पण तो माणूस दमलेला आहे. म्हणून निदान एक खेळ असा ठेवा की त्यात सगळं काम मुलाचं, आणि तुम्ही डोळे मिटून हूं-नाही म्हणायचं. उदाहरणार्थ, तुम्ही मनात एक आकडा धरायचा, एक ते वीसमधला, आणि तो विचारत जाईल: "दहापेक्षा मोठा?" किंवा त्याने खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाचं वर्णन करायचं आणि त्यात एक थाप मिसळायची, तुम्ही न बघता थाप ओळखायची. तुम्हाला खरंच दिसत नसतं, त्यामुळे तुम्ही खऱ्याखुऱ्या हरता.

खेळ चालतोय हे कशावरून कळतं? तो नियमांवरून हुज्जत घालायला लागला, चोरटेपणा करायला लागला, "परत, परत" म्हणायला लागला की चालतोय. उत्तरं एका शब्दाची व्हायला लागली, नजर तुमच्यावरून घड्याळाकडे गेली, चादर तोंडावर ओढली, की थांबायचं. समजावत बसायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. आणि कालपर्यंत आवडता असलेला खेळ आज अचानक नको झाला तर मन वळवायच्या आधी कपाळाला हात लावा, पट्टा बघा, शी-लघवी झाली का विचारा. उताणं पडून राहिलेल्या मुलांना बद्धकोष्ठ फार होतं आणि ती पोटात दुखतंय असं न म्हणता किरकिर करतात. टाचेखाली किंवा माकडहाडाशी आग होतेय का तेही विचारा, तिथे कातडी लाल झालेली असू शकते.

वय बदललं की हे सगळं जरा बदलतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला नियम झेपत नाहीत. त्याची बोटं म्हणजे माणसं करायची आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे दोन्ही पाय कधीकधी सरळ वर टांगतात, आणि त्याला समोर आपलीच दहा बोटं दिसत असतात, मग वेगळ्या खेळण्याची गरजच राहत नाही. अकरा-बारा वर्षांच्यांना मुंगी-बिंगी नको असतं, त्यांना पेरांचा चोर थेट द्या आणि धाकट्यांसाठी नवे नियम करायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

प्लास्टर झाल्यावर तुमच्या मुलाच्या नजरेतलं जग बदलेल. छातीच्या खालून किंवा कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर असलं की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्याला दर काही तासांनी वळवतात, पालथंही घालतात. पहिल्यांदाच त्याला जमीन दिसेल. त्या दिवशी उशीशेजारी पुन्हा डोकं टेकवा आणि पेरांवरची बारा घरं नव्याने ठरवा, उताण्याची वेगळी आणि पालथ्याची वेगळी. पालथं असताना दोन्ही हात मोकळे राहतात, सुईही एव्हाना निघालेली असते, तेव्हा दोन हातांवर चोवीस घरं होतात. चोवीस घरांतला लपलेला पाच प्रश्नांत सापडायला हवा. कसा, ते त्याला शोधू द्या. प्लास्टरमध्ये खाज सुटली की पोरं आत काडी, पट्टी, पेन घालतात आणि आत जखम होते, म्हणून खाजेची वेळ आली की हात गुंतवणारा डाव लावायचा. अक्षरांचा तेव्हा सगळ्यात बरा, कारण त्यात त्याचा हात तुमच्या हातात असतो.